पाचव्या दिवशी बाळाला उजेडात आणा

माकणी आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून आमच्या फोनवर तान्ह्या बाळांचे फोटो येतात. खाली एक ओळ असते, "ताई, लेकरू पिवळं दिसायलंय का बघा बरं." कधी नुसता फोटो असतो आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. आमचं उत्तर ठरलेलं आहे, फोटो बघून सांगता येत नाही, बाळाला दारात आणा नाहीतर आम्ही येतो. या उत्तराचा काहींना राग येतो. पुण्या-मुंबईतले नातेवाईक फोटो बघून लगेच सांगतात, मग इतकी वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला का सांगता येऊ नये, असं त्यांना वाटतं. ते का सांगता येत नाही हे एकदा नीट लिहावं, म्हणून हे पान त्यासाठीच घेतलं आहे.

आधी काविळीबद्दल थोडं. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मल्यावर त्या फुटतात आणि त्यांच्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकण्याचं काम यकृताचं, पण नव्या बाळाचं यकृत अजून कामाला लागलेलं नसतं. त्यामुळे दिवस भरलेल्या दर दहा बाळांतली सहाएक पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात, आणि दिवस न भरलेल्यांत दहातली आठ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा दिसू लागतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतो आणि दोन आठवड्यांत उतरतो. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. थोड्या बाळांत मात्र हे द्रव्य इतकं वाढतं की मेंदूत शिरतं. मग बाळ बहिरं होऊ शकतं, हातपाय ताठ राहू शकतात, जीवही जाऊ शकतो. वेळेत निळ्या दिव्याखाली ठेवलं तर हे जवळजवळ सगळं टळतं. म्हणून "सगळ्याच लेकरांना होते, आपोआप जाते" हे आजीचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरतं. ज्या थोड्या वेळा ते खरं नसतं तेव्हाच ते महागात पडतं. मोठ्या माणसाची कावीळ वेगळी. तिच्यासाठी गळ्यात घालायची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालेलं दाखवणं, बाळंतिणीचं तूप-हळद बंद करणं, यातलं काहीही या बाळाच्या उपयोगाचं नाही.

आता उजेडाकडे येऊ. घरी एक करून बघा. पांढऱ्या रुमालावर अगदी फिकट हळदीचं बोट लावा आणि रुमाल दुपारी दारात धरा. डाग लगेच दिसेल. तोच रुमाल रात्री जुन्या काचेच्या पिवळ्या बल्बखाली धरा. डाग शोधावा लागेल. असं होतं कारण पिवळी वस्तू पिवळी दिसते ती तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग ती गिळून टाकते म्हणून. बिलिरुबिनही तेच करतं. दिवसाच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो, त्यामुळे कातडीने तो गिळला की लगेच फरक दिसतो. पिवळ्या बल्बच्या, चिमणीच्या किंवा चुलीच्या उजेडात निळा भाग मुळातच थोडा असतो. जे नाहीच ते गिळलं काय आणि न गिळलं काय, आपल्याला काय कळणार? पिवळं बाळ आणि न पिवळं बाळ त्या उजेडात सारखीच दिसतात. वर आपले डोळे पाच मिनिटांत त्या उजेडाला सरावतात आणि सगळं ठीकच दिसू लागतं.

पांढरी एलईडी ट्यूब किंवा बल्ब यापेक्षा बरा, पण खात्रीचा नाही. स्वस्तातले एलईडी रंग फिके किंवा हिरवट दाखवतात. शिवाय खोलीतला उजेड नुसता दिव्यातून येत नाही, तो भिंतींवर आपटून येतो. आपल्या कितीतरी घरांच्या भिंती निळ्या आहेत. खिडकीतून आत आलेला उजेड निळ्या भिंतीवरून बाळाच्या अंगावर पडला की पिवळेपणा झाकला जातो. दारावर निळी ताडपत्री टांगलेली असेल तरी तेच. पिवळा पडदा किंवा पिवळी भिंत असेल तर उलट होतं आणि चांगलं बाळ पिवळं दिसतं. आमच्या भागातल्या भूकंपाआधीच्या माळवदांच्या घरांना तर जाड दगडी भिंती, खिडकी असली तर मुठीएवढी. नंतरच्या पत्र्याच्या घरांत दार बंद केलं की अंधारच. त्यात बाळंतिणीला आतल्या कोपऱ्यात ठेवायचं, वारा लागू नये, नजर लागू नये. ज्या दिवसांत बाळाचा रंग रोज बघायला हवा, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी ठेवतो.

आणि अशा खोलीत फोन काढून फोटो घेतो.

फोनमधल्या कॅमेऱ्याला बाळाचा खरा रंग ठाऊक नसतो. समोरचं सगळं चित्र बघून तो अंदाज करतो की इथला उजेड पिवळा असावा, आणि मग चित्रातला पिवळेपणा स्वतःहून कमी करतो, म्हणजे फोटो 'छान' यावा. लग्नाच्या फोटोला हे बरं आहे. पण पिवळ्या बल्बखालच्या पिवळ्या बाळाचा पिवळेपणाही तो त्याच हिशेबात धुऊन टाकतो आणि गुलाबी बाळ पुढे करतो. बाळाला निळ्या शालीत गुंडाळलं असेल आणि शालीनेच फोटो भरला असेल, तर कॅमेऱ्याला उजेडच निळा वाटतो. मग तो पिवळा रंग वाढवतो आणि चांगलं बाळ काविळीचं दिसतं. एकाच बाळाचे एका मिनिटात दोन फोटो घ्या, एक शाल लावून आणि एक शाल काढून, रंग वेगळे येऊ शकतात. फ्लॅश मारला तर जवळून पडलेल्या प्रकाशाने तोंड पांढरं पडतं. कातडी उजळ करणारी सोय चालू असेल तर विचारायलाच नको, आणि बऱ्याच फोनमध्ये ती चालू आहे हे घरच्यांना माहीतही नसतं.

एवढ्यावर भागत नाही. फोटो ज्याच्याकडे जातो त्याच्या फोनचा पडदाही काही भर घालतो. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करण्याची सोय अनेकांनी कायमची चालू ठेवलेली असते. त्या पडद्यावर जगातलं प्रत्येक बाळ पिवळं आहे. म्हणजे इकडच्या फोनने एक अंदाज केला, तिकडच्या पडद्याने दुसरा, आणि मधल्या माणसाने ठामपणे सांगितलं, "रंग मस्त आहे, काळजी करू नका."

फोटोवरून कावीळ मोजण्याचा प्रयत्न कुणी केलाच नाही असं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी बिलीकॅम नावाची पद्धत तयार केली आणि तिची चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बाळाच्या छातीवर ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचं एक कार्ड ठेवतात आणि फोटोतले कार्डाचे रंग कसे आले ते बघून उजेडाचा हिशेब दुरुस्त करतात. तरीसुद्धा तिचं काम रक्ततपासणी कुणाची करायची ते निवडण्यापुरतं, रक्ततपासणीच्या जागी ती नाही. नुसत्या फोटोवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून तर त्यांना कार्ड ठेवावं लागलं. आपण पाठवतो त्या फोटोत कार्ड नसतं.

याचा परिणाम काय होतो ते वस्तीतल्याच एका बाळावरून सांगतो. नावं सांगत नाही. मुलगी पहिलटकरीण, बाळ तीन-चार आठवडे आधी झालं, सोमवारी रात्री, दवाखान्यात. वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. बुधवारी संध्याकाळी घरी आले. गुरुवारी सकाळी आशाताई ठरल्याप्रमाणे आली, वजन घेतलं, अंगावर पाजायला सांगितलं. तेव्हा पिवळेपणा असलाच तर तोंडापुरता होता, आणि तोंड थोडं पिवळं असणं त्या दिवशी धोक्याचं नव्हतं. गुरुवारी रात्री आजी म्हणाली, "डोळे पिवळे वाटायलेत." मामाने बल्बखाली फोटो घेतला आणि पुण्यात दवाखान्यात कामाला असलेल्या चुलतभावाला पाठवला. फोटो आम्ही नंतर बघितला. बाळ खरोखर गुलाबी दिसत होतं. चुलतभावाने तसंच कळवलं आणि घर निश्चिंत झोपलं. शुक्रवारी बाळ जास्त झोपू लागलं. "गुणाचं लेकरू हाय, रडतच नाही," असं सगळे म्हणत होते. फोटोने एकदा निर्वाळा दिलेला होता, त्यामुळे या झोपेकडे कुणी संशयाने बघितलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दुसऱ्याच कामाने त्या घरी गेलो होतो. बाळ दारात आणायला लावलं. दुपटं काढलं, अंगडं काढलं, पांढरा पंचा खाली अंथरला. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं, छातीवर दाबलं, पोटावर, मांडीवर, आणि शेवटी तळपायावर. तळपायसुद्धा पिवळे निघाले. अंगावर लावलं तर चार घोट घेऊन बाळ झोपलं. आदल्या दिवसापासून लंगोट किती ओले झाले विचारलं तर तीन. पाचव्या दिवसाच्या बाळाचे सहा तरी व्हायला हवेत. 102 ला फोन लावला. दवाखान्यात वजन भरलं दोन किलो पन्नास ग्रॅम, म्हणजे जन्माच्या वजनातून दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं. रक्तात बिलिरुबिन साडेवीस मिलिग्रॅम. दिवस न भरलेल्या बाळाला हा आकडा थांबण्यासारखा नसतो. नवजात विभागात दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, आईचं दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं. आकडा अकरावर आला, दिवा बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासला तेव्हा वाढलेला नव्हता, मग सुट्टी मिळाली. बाळ आता रांगतं आहे, ऐकायची तपासणीही चांगली आली.

या गोष्टीत आम्हाला चुलतभावापेक्षा गुरुवार आणि सोमवार यांच्यातली मोकळी जागा जास्त खटकते. सरकारी नियमाप्रमाणे दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून ती उभी केली. नवजात बाळांचे मृत्यू त्यामुळे 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि 2011 पासून देशभर आशांमार्फत ती सुरू झाली. तिच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण काविळीचा जोर असतो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि तिसऱ्यानंतर थेट सातव्याला कुणी येतं. मधले दिवस घर एकटं असतं. त्या मोकळ्या जागेत फोनवरचा फोटो शिरला आहे. लोक फोटो काढतात ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. त्यांना शंका आलेली असते आणि विचारायला जवळ कुणी नसतं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की पाचव्या दिवशी प्रत्येक बाळ उजेडात बघितलं गेलं पाहिजे, आणि दिवस न भरलेल्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळाकडे त्या दिवशी आशाताईची किंवा नर्सबाईंची जादा फेरी व्हायला हवी. त्या फेरीचे पैसे आशाला मिळाले पाहिजेत, फुकटात तिच्या डोक्यावर आणखी एक काम नको. ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीत हे मांडायला काय हरकत आहे? ते होईपर्यंत हे काम घरच्यांचं. पूर्वी पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणत. धम्म स्वीकारल्यावर आपण ते सोडलं, चांगलंच केलं. पाचवा दिवस मात्र सोडू नका.

बघायचं कसं ते सांगतो. सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान, दारात किंवा पडवीत, सावलीत. थेट उन्हात नको, उन्हाच्या झगझगाटातही रंग धुतला जातो. बाजूला निळी ताडपत्री, रंगीत पडदा, रंगीत छत्री नको. बाळाखाली पांढरं कापड घाला, म्हणजे डोळ्याला तुलना मिळते. हळद-बेसन लावून आंघोळ घातली असेल तर आधी अंग स्वच्छ पुसा, नाहीतर हळदीलाच कावीळ म्हणाल. थंडीच्या दिवसांत दोन मिनिटांत उरका आणि लगेच गुंडाळा. बोटाने कातडी हलकेच दाबून सोडली की रक्त क्षणभर बाजूला सरतं आणि खालचा रंग दिसतो. तो पांढरट असेल तर ठीक, पिवळा असेल तर कावीळ. वरून खाली जात राहा, कारण पिवळेपणा तोंडापासून सुरू होऊन पायाकडे उतरतो. तळहात-तळपायापर्यंत पोहोचला असेल तर ती गंभीर कावीळ, आशाच्या आणि नर्सच्या प्रशिक्षणातही हेच शिकवतात. त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं. तसंच जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं दिसलं, किंवा चौदा दिवस झाले तरी पिवळंच राहिलं, तर तळपाय न बघताही निघायचं.

सावळ्या बाळांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपली बाळं बहुतेक सावळी असतात. काविळीच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रं वर्षानुवर्षं गोऱ्या बाळांची. 2023 साली ब्रिटनमध्ये तिथल्या आरोग्यसेवेतल्या वर्णभेदावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने एक अहवाल काढला. काळ्या आणि आशियाई बाळांची कावीळ नुसत्या कातडीवरून ओळखणं कठीण जातं आणि नियमावल्या गोऱ्या कातडीवरून बनल्या आहेत, हे त्याने मांडलं. आपल्याला हे दाई-सुईणींपासून माहीत होतं, पण कुणीतरी लिहिलं हे बरं झालं. सावळ्या बाळाच्या बाबतीत डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. नवं बाळ डोळे मिटून असतं. पापण्या बोटाने ताणू नका, अंगावर पाजताना किंवा उभं धरल्यावर ते आपणहून उघडतं तोपर्यंत थांबा. हिरडीवर स्वच्छ बोट हलकेच दाबलं तरी रंग कळतो.

हे सगळं करून कळतं ते इतकंच, की कावीळ आहे आणि ती कुठवर उतरली आहे. किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आम्हालाही नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2010 साली नियम घालून दिला की बाळाचे कपडे काढून चांगल्या, शक्यतो नैसर्गिक उजेडात बघा, पण आकड्याचा अंदाज नुसत्या बघण्यावर सोडू नका. डोळ्यांनी शंका घ्यायची आणि खात्री रक्तावर सोपवायची. म्हणून दवाखान्यात कुणी लांबूनच बघून "काही नाही, घेऊन जा" म्हणालं, तर "बाई, बिलिरुबिन तपासून द्या" असं म्हणायला लाजू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाची तपासणी, उपचार, औषध आणि जाणं-येणं फुकट आहे. हा उपकार नाही, हक्क आहे.

एक गैरसमज मात्र उजेडाबद्दलच आहे. "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल." यात खऱ्याचा अंश आहे, आणि तो एका नर्सचाच शोध आहे. 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या दवाखान्यात सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्सबाई कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचं अंग फिकं झालेलं आणि चादरीचा कोपरा पडला होता तेवढा त्रिकोण गर्द पिवळा राहिलेला त्यांनी डॉक्टरांना दाखवला. त्यातून दिव्याचा उपचार निघाला आणि 1958 साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण उन्हाचा जोर मोजता येत नाही, आपल्याकडचं ऊन बाळाचं अंग भाजतं, पाणी सुकवतं, आणि पौष-माघात उघडं बाळ गारठतं. दवाखान्यातला दिवा काविळीला लागणारा निळा प्रकाश मोजून देतो. उजेड बघण्यासाठी वापरा, उपचार म्हणून बाळाला उन्हात घालून दोन दिवस घालवू नका. आणि त्या त्रिकोणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दिव्याखाली किंवा उन्हात राहिलेल्या बाळाची कातडी आधी फिकी होते, रक्तातलं बिलिरुबिन तितकं उतरलेलं असेलच असं नाही. त्यामुळे दिवा लावल्यानंतर रंग बघून "बरं झालं, घरी नेतो" म्हणायचं नाही, आकडा विचारायचा. निळ्या दिव्याखालचा फोटो काढून "लेकरू निळं पडलं" म्हणून गावभर पाठवणारेही आम्ही बघितलेत. तो दिव्याचा रंग असतो, बाळाचा नव्हे.

रात्री शंका आली तर? रात्री रंग कळत नाही, दिव्यानेही नाही आणि फोनच्या बॅटरीनेही नाही. म्हणून रात्री रंगाचा नादच सोडा. बाळ पाजायला उठवलं तरी उठत नाही, चोखत नाही, आवाज चिरका झाला आहे, मान-पाठ मागे ताणतं आहे, अंग तापलं आहे किंवा गार पडलं आहे, यातलं एक जरी असेल तर उजाडायची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. यातलं काही नसेल आणि बाळ नीट पीत असेल, तर दर दोन-अडीच तासांनी पाजत राहा आणि सकाळी उजेड आला की दारात घ्या. मात्र पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला असेल तर सकाळही नाही.

आणि आम्हाला काही पाठवायचंच असेल तर फोटोऐवजी बोलून पाठवा. बाळ कधी जन्मलं, दिवस आणि वेळ. दिवस भरले होते का. जन्माचं वजन किती. काल सकाळपासून किती वेळा पाजलं, किती लंगोट ओले झाले. दारात, दिवसा, दाबून बघितल्यावर पिवळं कुठवर दिसलं, तोंड, छाती, पोट की तळपाय. आईचा रक्तगट कार्डावर निगेटिव्ह लिहिला आहे का. एवढं सांगितलंत तर निघायचं की थांबायचं हे आम्ही फोनवरच सांगू शकतो, आणि निघायचं असेल तर तुम्ही कपडे भरेपर्यंत पुढच्या दवाखान्याला कळवूनही ठेवतो.